सीताफळाची बी आणि मेलेली भूक

दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं आमच्या घरी पाटीनं येतात आणि तीन दिवसांत सगळी एकदम पिकतात. मग सकाळ-संध्याकाळ सीताफळच. ओसरीवर बियांच्या वाट्या, मुंग्यांच्या रांगा. यंदा भाऊबीजेला ताई आली होती, सोबत तिची सहा वर्षांची लेक. दुपारी दीडच्या सुमाराला जेवणं झाली आणि भाची सीताफळ घेऊन बसली. थोड्या वेळानं ती माझ्यापाशी आली, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, मी बी गिळली."

आबांनी ऐकलंच. "झालं! आता बेंबीतून झाड उगवंल बघ. पुढच्या दिवाळीला डोंगरात जायचं कामच नाही."

पोरीचा चेहरा पडला. ताई आबांकडं रागानं बघून माझ्याकडं वळली, "तू शिकवतोस ना हेच? मग सांग की आता काय होतं ते."

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. पेशंट बघत नाही, त्यामुळं गावात माझी गणती अर्ध्या डॉक्टरात होते. पण हा प्रश्न खरोखरच माझा होता. पोरगी खोकत नव्हती, श्वासाला त्रास नव्हता, बोलत होती. म्हणजे बी श्वासनळीत गेली नव्हती. चावली नव्हती, अख्खी गिळली होती, हेही विचारून घेतलं. सीताफळाच्या बीचं टरफल कडक असतं आणि विष त्याच्या आत असतं. आपल्याकडं उवा मारायला बायका ही बी वाटून लावतात आणि ती डोळ्यात गेली की डोळ्याची पार वाट लागते. अख्खी बी मात्र गुळगुळीत, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, निरुपद्रवी. (बटणाची बॅटरी किंवा दोन लोहचुंबक गिळले असते तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो, गाडी काढली असती.)

"येईल बाहेर," मी म्हणालो. "पण लगेच नाही. आत्ता ती पोटाच्या दाराशी जाऊन परत मागं यायलीय."

"परत मागं?" भाचीनं विचारलं.

तिला जे सांगितलं ते थोडक्यात होतं. इथं जरा सविस्तर सांगतो.

जेवण झालं की जठराच्या खालच्या भागात लाटा सुरू होतात. मिनिटाला तीन, त्याहून जास्त नाही. प्रत्येक लाट जठराच्या मध्यावर उठते आणि अन्नाला ढकलत खालच्या दाराकडं, म्हणजे पायलोरसकडं जाते. आता गंमत अशी की लाट दाराशी पोचता पोचता दार आवळतं. पातळ झालेलं आणि बारीक कणांचं तेवढं निसटून जातं, बाकीचा ऐवज दारावर आपटून जोरात मागं फेकला जातो. पुन्हा लाट, पुन्हा आपटणं. भाकरीचा घास असाच दळला जातो, आणि त्याचे कण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झाले की मगच त्यांना पुढं सोडलं जातं. दळण बारीक आल्याशिवाय गिरणीतून बाहेर नाही.

बी दळली जात नाही. म्हणून ती दर वीस सेकंदांनी दारापाशी जाते आणि मागं येते. बाजूनं पिठलं जातं, भाकरी जाते, बी तिथंच.

इकडं जे पुढं गेलं त्याचं काय होतं? बहुतेकांच्या मनात आतड्याचं चित्र म्हणजे एक नळी आणि तिच्यातून अन्न सरसर पुढं ढकललं जातंय. जेवणानंतर लहान आतड्यात बहुतांश वेळ तसं होत नाही. अमेरिकेत वॉल्टर कॅनन नावाच्या शास्त्रज्ञानं मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खायला घातलं आणि त्या काळी नव्यानंच आलेल्या क्ष-किरणांखाली ती मांजरं तासन्तास निरखली. १९०२ साली त्यानं जे छापलं त्यात असं वर्णन आहे: अन्नाची एक लांबट काळी वळकटी दिसते, मग अचानक तिचे ठिकठिकाणी तुकडे पडतात, पुढच्या क्षणी प्रत्येक तुकडा मधोमध तुटतो आणि शेजारच्या अर्ध्याला जाऊन मिळतो. पुन्हा तेच. वळकटी जिथल्या तिथं, पण आतला माल सारखा उलटापालटा. याला सेग्मेंटेशन म्हणतात. आई परातीत भाकरीचं पीठ मळते तेव्हा पीठ कुठंही जात नाही, पण आतलं पाणी आणि कोरडं पीठ एकजीव होतं. तसंच इथं पाचकरस मिसळतो आणि अन्नाचा प्रत्येक भाग कधी ना कधी आतड्याच्या भिंतीला लागतो, तिथून शोषला जातो.

पुढं नेणारी हालचाल वेगळी, तिचं नाव पेरिस्टाल्सिस. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्लंडमधल्या जोडीनं १८९९ साली कुत्र्याच्या आतड्यात तिचा नियम दाखवला. आतड्यात गोळा असेल तर त्याच्या मागची भिंत आवळते आणि पुढची सैल पडते. दोन्ही गोष्टी एकदम लागतात. नुसतं मागून दाबलं आणि पुढं वाट नसली तर काही सरकत नाही. हा हिशोब मेंदू करत नाही, आतड्याच्या भिंतीतच मज्जापेशींचं जाळं आहे, ते करतं. कॉलेजात आम्ही सशाच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचो आणि त्याला जोडलेली काडी काजळी फासलेल्या फिरत्या ढोलावर टेकवायचो. सशापासून वेगळा होऊनही तो तुकडा तासभर लयीत आकसत-सैलावत राहायचा. पोरं पहिल्यांदा बघायची तेव्हा वर्गात आवाज बंद व्हायचा. आता तो प्रयोग पडद्यावर दाखवतात. ठीक आहे, सशांच्या दृष्टीनं चांगलंच झालं.

पण त्या तुकड्यात एक गोष्ट कधीच दिसली नसती, आणि आमच्या बीचं सगळं भवितव्य तिच्यावर होतं.

ही गोष्ट मला आईच्या एका वाक्यामुळं आवडते. लहानपणी दुपारी खेळून उशिरा आलो की ती म्हणायची, "आधी जेवून घे, भूक मरून जाईल." आणि खरंच मरायची. एक वाजता पोटात कावळे ओरडायचे, जीव कासावीस व्हायचा, आणि काहीच न खाता पावणेदोन वाजले की एकदम शांत. जेवायला वाढलं तरी नको वाटायचं. पोटात तर काहीच गेलेलं नाही, मग भूक गेली कुठं? आणि साडेतीनला ती पुन्हा कुठून आली?

रिकाम्या पोटाची हालचाल भरल्या पोटासारखी नसते, हे रशियात पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बोल्डिरेव्हनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिलं होतं. उपाशी कुत्र्यांचं जठर दीड-दोन तास गप्प राहायचं, मग थोडा वेळ जोरात चालायचं, पुन्हा गप्प. पुढं १९१२ साली त्याच कॅननच्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्यानं नळीला जोडलेला फुगा गिळला आणि तो जठरात फुगवून ठेवला. जठर आकसलं की रेघ वर जायची. भूक लागल्याची कळ आली की त्यानं हातातली कळ दाबायची, एवढंच. रेघांवरून दिसलं की जठराचं आकुंचन आधी सुरू होतं आणि ते भरात आलं की मग भुकेची जाणीव होते. म्हणजे कावळे आधी येतात, ओरडणं नंतर ऐकू येतं.

पण हे नुसतं जठरापुरतं नाही, हे कळायला १९६९ साल उजाडलं. अमेरिकेत शुर्शेव्हस्की या संशोधकानं जाग्या, उपाशी कुत्र्यांच्या लहान आतड्यावर ठिकठिकाणी तारा बसवल्या आणि त्याला दिसलं की जोरदार हालचालीचा एक पट्टा वरून निघतो आणि हळूहळू सरकत थेट आतड्याच्या शेवटापर्यंत जातो. तो शेवटाला पोचेपर्यंत वर दुसरा निघालेला असतो. गावच्या पाणंदीतून एक माणूस झाडत झाडत वेशीपर्यंत जावा आणि तेवढ्यात दुसऱ्यानं वरच्या अंगाला खराटा हातात घ्यावा, तसं. या सगळ्या चक्राला मायग्रेटिंग मोटर कॉम्प्लेक्स असं अवघड नाव आहे. चार्ल्स कोड या शास्त्रज्ञानं मात्र त्याला 'हाउसकीपर' म्हटलं. घरची झाडलोट करणारी बाई. ते नाव मला जास्त पटतं.

माणसात हे चक्र सरासरी दीड ते दोन तासांचं असतं. पण एकाच माणसात आज आणि उद्या यांत बराच फरक पडतो, घड्याळ लावून बसण्यात अर्थ नाही. यातला मोठा भाग, पाऊण-एक तास, चक्क शांततेचा. मग अर्धा तासभर इकडं तिकडं सुट्या हालचाली, पोटात अधूनमधून गुडगुड. आणि शेवटी पाच-दहा मिनिटं खरी झाडलोट, जितक्या वेगानं आकसता येतं तितक्या वेगानं: जठरात मिनिटाला तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला अकरा-बारा. हा झाडणारा पट्टा वरच्या भागात मिनिटाला पाच-दहा सेंटिमीटर सरकतो, खाली खाली मंदावतो, आणि कित्येकदा शेवटापर्यंत न पोचता मध्येच विरतो.

जठरातून ही लाट उठायला मोटिलिन नावाचं संप्रेरक कारणीभूत असतं. ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पेशींतून ठरावीक काळानं सुटतं. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी अलीकडच्या काळात दाखवलं की मोटिलिननं उठलेल्या या लाटेच्या वेळीच उपाशी माणसाला भूक सगळ्यात जास्त जाणवते. लाट पुढं सरकली, जठर शांत झालं, भूक ओसरली. आईचं 'मरून जाईल' ते हेच. साडेतीनला पुढची लाट येणारच होती. भूक सगळीच जठरात असते असं नाही, जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते. पण ती कावळ्यांची, येणारी आणि जाणारी भूक जठराची.

आता पुन्हा बीकडं. झाडलोटीच्या वेळी जठराचं दार जेवणाच्या वेळेसारखं वागत नाही. लाट येते आणि दार उघडंच राहतं. दळलं न गेलेलं सगळं, भाजीच्या शिरा, टोमॅटोची सालं, बिया, तेव्हा पुढं सारलं जातं. म्हणजे बीला बाहेर पडायला अन्नाचं जाणं पुरत नाही. आधी जेवण पूर्ण पुढं जायला पाहिजे, मग शांतता, मग झाडलोट. साधारण जेवणाला यासाठी तीन-चार तास लागतात, तुपातेलाचं असेल तर जास्त.

भाचीचं वेळापत्रक असं होतं. दीडला भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, भाताबरोबर तूप, वर सीताफळ. साडेतीनला शेजारून आलेली करंजी. पाचला दूध आणि चिवडा. सहाला पुन्हा अर्धं सीताफळ, यावेळी आईच्या देखरेखीखाली. आठला जेवण. घास पोटात गेला की झाडलोटीचं चक्र मोडतं आणि दळण सुरू होतं. थोडंसं खाल्लं तर थोडा वेळ, भरपेट खाल्लं तर कित्येक तास. तिच्या जठराला दुपारपासून रात्रीपर्यंत झाडायला फुरसतच मिळाली नव्हती. त्यामुळं माझा अंदाज होता की बी रात्री बारा-एकपर्यंत जठरातच राहील आणि पोरगी झोपेत असताना पुढं जाईल.

ताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे एकादशीला आपण दर दोन तासांनी साबुदाणा, रताळं, भगर खातो ते?"

एकादशी आणि दुप्पट खाशी. त्या दिवशी आतड्याच्या दृष्टीनं उपास नसतोच.

यावरून लोक दुसऱ्या टोकाला जातात, तेही सांगायला पाहिजे. 'दोन जेवणांत इतके तास अंतर ठेवा, आतड्याची झाडलोट होईल, पोट साफ होईल' असं हल्ली बरेच जण सांगतात. यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. आपण मराठीत 'पोट साफ होणं' म्हणतो ते मोठ्या आतड्याचं काम. ही झाडलोट लहान आतड्यात होते आणि तिथंच संपते. सकाळी चहा घेतल्यावर आबांना जी घाई होते ती तर याच्या उलट, जठरात काहीतरी गेल्यामुळं मोठं आतडं जागं होतं म्हणून. आणि ज्याचं आतडं धड आहे त्याला रात्रीची झोप हा भरपूर मोठा उपास असतो. दिवसा दोनदा चहा घेतला म्हणून आत कचरा साठत नाही.

कचरा साठतो तो झाडलोटच बंद पडली तर. लूवेनमध्येच व्हान्त्रापेन आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली माणसांत हे चक्र मोजलं, तेव्हा ज्यांच्या लहान आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ झाली होती अशा काही रुग्णांत झाडणारी लाटच नव्हती किंवा बिघडलेली होती. वाहत्या ओढ्यात शेवाळ धरत नाही, डबक्यात धरतं.

जठरात काय होतं ते मी घरातच पाहिलं. माझ्या काकांना वीस वर्षांचा मधुमेह. गेल्या वर्षी ते म्हणायला लागले की चार घासांत पोट भरतं. मग ढेकरांना वास यायला लागला. एका सकाळी उलटी झाली आणि काकू घाबरून म्हणाली, "अरे, यात काल रात्रीची गवारीची भाजी हाय." सगळं त्या वाक्यात होतं. जठराचं दार कर्करोगानं किंवा अल्सरनं बंद झालं असेल तरीही असंच होतं, म्हणून आधी दुर्बिणीनं बघणं भाग होतं. रात्रभर उपाशी ठेवून तपासणी केली तर वाट मोकळी होती, पण जठरात गवारीच्या शिरा आणि मेथीच्या काड्या एकमेकींत गुंतून चेंडूसारख्या झालेल्या. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा खराब होतात, दळण मंदावतं आणि झाडलोट थांबते. त्यांची साखरही वेडीवाकडी व्हायला लागली होती, त्याचं कारण आता लक्षात आलं. इन्शुलिन वेळेवर घेतलं जायचं, पण घास आतड्यात केव्हा उतरेल याचा भरवसा नव्हता. वरची साल आतड्यात विरघळावी म्हणून मुद्दाम कडक केलेली जी गोळी असते, तीही जठरातून बहुतेक झाडलोटीबरोबरच पुढं जाते. काकांची अशी गोळी कधी लागू पडायची, कधी नाही.

डॉक्टरांनी त्यांना एरिथ्रोमायसिन लिहून दिलं तेव्हा काका म्हणाले, हे तर घशाच्या दुखण्याचं औषध. बरोबर होतं, जुनं अँटिबायोटिक ते. पण ते मोटिलिनच्या जागी जाऊन बसतं आणि अगदी लहान मात्रेतही जठरातून झाडणारी लाट उठवतं. अँटिबायोटिक म्हणून घेणाऱ्यांच्या पोटात कळ येते तीही बरीचशी त्यामुळंच. काकांना त्यानं आराम पडला. काही आठवड्यांत गुण कमी झाला, कारण शरीर त्याला सरावतं. हृदयाच्या ठोक्यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, त्यामुळं ते असं दुकानातून आणून घ्यायचं औषध नव्हे. आता ते थोडं थोडं, मऊ, कमी तुपाचं खातात. गवार बंद. काकू म्हणते, "आयुष्यभर भाज्या खा भाज्या खा म्हणलं, आन् आता डॉक्टर भाजी नको म्हणायलेत."

भाचीच्या जठरात असलं काही नव्हतं. रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठलो तेव्हा ती आईच्या कुशीत गाढ झोपली होती. कपाटातून स्टेथोस्कोप काढून तिच्या पोटाला लावायचा मोह झाला, पण बी गेली की नाही हे काही त्यात ऐकू येणार नव्हतं. नुसती गुडगुड ऐकू येते, आणि ती हवेची आणि पाण्याची.

सकाळी उठल्या उठल्या तिनं बेंबी तपासून घेतली. मग ती दोघं संध्याकाळच्या गाडीनं गेली. लहान आतडं पार व्हायला काही तास, पण मोठं आतडं सावकाश. तिथं एक-दोन दिवस सहज जातात. मी ताईला सांगून ठेवलं होतं, तीन दिवसांत दिसली नाही तरी घाबरू नको, पोट दुखलं किंवा उलट्या झाल्या तरच फोन कर.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मिळाली का?"

"मिळाली," ताई म्हणाली. "पण एक नाही. दोन होत्या. दुसरीचं पोरीनं सांगितलंच नव्हतं."

"दोन्ही एकाच वेळी आल्या का?" मी विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ताईनं फोन ठेवला.